जाहिरात न निघालेली इंटर्नशिप: स्टार्टअपच्या संस्थापकाला ईमेल कसा लिहावा

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले, आणि नांदेड, लातूर, परभणी, बीड येथील विद्यार्थ्यांपुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला: हे प्रशिक्षण करायचे कुठे? ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा 5,000 रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. मात्र ती देशातील मोठ्या कंपन्यांसाठी आखलेली होती, आणि सुरुवातीच्या नियमांनुसार पूर्णवेळ शिक्षण घेणारा विद्यार्थी तिच्यासाठी पात्रच नव्हता. त्यामुळे महाविद्यालयात शिकत असलेल्यांनी छोट्या कंपन्यांकडे वळावे, असे सल्ले मिळू लागले. पण छोट्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पाहावे, तर जागांची जाहिरात कुठेच दिसत नाही.

अशा कंपनीला ओळखपाळख नसताना, कुणी मागितलेला नसताना पाठवलेल्या ईमेलला कोल्ड ईमेल म्हणतात. हा लेख त्यातल्या एकाच प्रकाराविषयी आहे: चार-सहा माणसांच्या स्टार्टअपच्या संस्थापकाला, जाहीर न झालेल्या इंटर्नशिपबद्दल एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलेला ईमेल.

## जाहिरात का निघत नाही?

मोठ्या कंपनीत मनुष्यबळ विभाग असतो, वर्षाचे नियोजन असते, आणि किती प्रशिक्षणार्थी घ्यायचे हे आधी ठरलेले असते. छोट्या स्टार्टअपमध्ये यातले काहीच नसते. भरती, विक्री, ग्राहकांच्या तक्रारी आणि जीएसटीचे विवरणपत्र ही सगळी कामे संस्थापकाच्याच डोक्यावर असतात. जाहिरात दिली तर येणारे शे-दीडशे अर्ज त्यालाच वाचावे लागतात, आणि तेवढा वेळ असता तर त्याने मदतनीस शोधलाच नसता.

सोयाबीनच्या काढणीला माणसे हवीत अशी जाहिरात कोणी शेतकरी देत नाही. पण रान पाहून आलेला माणूस बांधावर उभा राहून म्हणाला, "ही खालची पट्टी दोन दिवसांत भुईसपाट होईल, उद्यापासून येतो", तर त्याला बहुतेक वेळा काम मिळते. गरज आधीपासून होतीच, तिचे काम म्हणून मोजमाप मात्र त्या बोलण्याने झाले. संस्थापकाच्या मनातही अर्धवट राहिलेल्या कामांची अशी एक यादी असते. त्यातले कोणते काम विद्यार्थ्याला देता येईल, याचा विचार करायला त्याला उसंत मिळालेली नसते, एवढेच.

म्हणून "आपल्याकडे इंटर्नशिपची जागा आहे का?" या सरळ प्रश्नाचे खरे उत्तर बहुतेक वेळा "नाही" असेच असते. जागा अजून तयारच झालेली नसते. विद्यार्थ्याला द्यायला काय काम आहे, त्याला कोण शिकवणार, त्याला काय येते, हे सगळे ठरवण्याचा भार तो प्रश्न संस्थापकावर टाकतो. जो ईमेल हा भार स्वतः उचलतो, त्याला उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

## आधी कंपनी निवडावी, मग लिहायला बसावे

मराठवाड्यात स्टार्टअप शोधण्याचा सोपा मार्ग इन्क्युबेटरमधून जातो. नव्या कंपन्यांना जागा, मार्गदर्शन आणि संपर्क देणाऱ्या संस्थेला इन्क्युबेटर म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात उद्योजकांच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'मॅजिक' आहे, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. अशा केंद्रांशी जोडलेल्या कंपन्यांची नावे मिळाली की त्यांतून दोन-तीनच निवडाव्यात. निवडीची माझी कसोटी एकच आहे: त्या कंपनीची वस्तू किंवा ॲप आपल्याला स्वतः हाताळून पाहता येते का? जे हाताळता येत नाही, त्याविषयी लिहिलेले दोन परिच्छेद संकेतस्थळावरच्या मजकुराची उजळणी ठरतात, आणि संस्थापकाला ते पहिल्या ओळीतच कळते.

हे एका कल्पित उदाहरणातून पाहू. नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारी एक विद्यार्थिनी आहे. तिच्या घरी सोयाबीन पिकते. संभाजीनगरातील चौघांच्या एका स्टार्टअपने शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या खरेदी केंद्रांसाठी ॲप तयार केले आहे. माल आला की त्यात शेतकऱ्याचे नाव, वजन आणि ओलावा भरायचा आणि पावती काढायची. ॲप प्ले स्टोअरवर आहे आणि नमुन्याचे लॉगिन सर्वांना खुले आहे.

ती ॲप उतरवून घेते आणि वडिलांना पावती भरायला सांगते. वडिलांच्या फोनवर मराठी कळफलक आहे. ते ओलाव्याच्या रकान्यात १२.५ असे देवनागरी आकडे भरतात. पावती निघते, पण तिच्यावर ओलाव्याची जागा कोरी. तोच आकडा इंग्रजी अंकांत भरला की पावती बरोबर येते.

वरवर क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट खरेदी केंद्रावर क्षुल्लक नसते. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा सर्वसाधारणपणे 12 टक्के असते, आणि 2024 च्या हंगामात ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली होती. माल स्वीकारायचा की परत पाठवायचा हे त्या आकड्यावर ठरते, आणि पावतीवर तोच नसेल तर वाद होणारच.

कारण काय असावे, याचाही ती अंदाज बांधते. जावास्क्रिप्टमध्ये मजकुराचे संख्येत रूपांतर करणारी नेहमीची पद्धत देवनागरी अंक ओळखत नाही. `Number("१२.५")` असे लिहिले तर उत्तर येते `NaN`, म्हणजे ही संख्या नव्हे. त्यावरचा उपाय दोन ओळींचा आहे:

```javascript
const toLatin = s => s.replace(/[०-९]/g, d => d.charCodeAt(0) - 0x0966);
Number(toLatin("१२.५"));   // 12.5
```

युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक 0966 आहे. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून तो वजा केला की साधा अंक मिळतो. ॲपचा आतला कोड तिने पाहिलेला नाही, त्यामुळे दोष नेमका इथेच आहे असा दावा तिला करता येत नाही, आणि ती करतही नाही. आपली नोंद, पावतीची दोन छायाचित्रे आणि हा तुकडा ती गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर, एका पानात ठेवते. या सगळ्याला एखादी संध्याकाळ पुरते.

## ईमेलमध्ये नेमके काय लिहावे?

आता लिहिण्याजोगे काहीतरी हाती आले आहे. विषयाच्या ओळीपासून सुरुवात करू. फोनवर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात, म्हणून "इंटर्नशिपसाठी विनंती अर्ज" असे लिहिण्यात ती जागा वाया जाते, कारण त्या शीर्षकाचा ईमेल उद्या उघडला तरी चालतो. तिचा ईमेल असा असेल:

> विषय: पावतीवर ओलावा कोरा येतो (मराठी अंक) – एक नोंद
>
> नमस्कार सर,
>
> मी नांदेड येथे संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या घरी सोयाबीन असते, म्हणून आपले ॲप वडिलांकडून वापरून पाहिले. ओलाव्याच्या रकान्यात १२.५ असे मराठी अंक भरल्यास पावतीवर ती जागा कोरी येते. इंग्रजी अंक भरल्यास बरोबर येते. आमचा फोन अँड्रॉइडचा असून दोन्ही पावत्यांची छायाचित्रे आणि संभाव्य उपाय खालील दुव्यावर ठेवला आहे. आतला कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे कारण वेगळेही असू शकेल.
>
> खरीप खरेदीपूर्वी ॲपचे सगळे रकाने मराठी कळफलकावर तपासून दोष दुरुस्त करण्याचे काम मी 1 ऑगस्टपासून सहा आठवडे, आठवड्याला पंधरा तास, नांदेडहून करू शकेन. महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र मिळेल.
>
> याविषयी या आठवड्यात दहा मिनिटे फोनवर बोलता येईल का?
>
> (नाव, फोन क्रमांक, गिटहबचा दुवा)

या मजकुरात "मी अत्यंत मेहनती आहे" किंवा "आपल्या कंपनीच्या वाटचालीने प्रभावित झाले" अशी वाक्ये नाहीत. ती खोटी असतात असे नाही. पण ती कोणत्याही कंपनीला जशीच्या तशी पाठवता येतात, म्हणून संस्थापकाच्या लेखी त्यांना वजन उरत नाही. त्याउलट वडिलांनी भरलेली पावती दुसऱ्या कोणाच्या ईमेलमध्ये असणार नाही.

दुसरा परिच्छेद सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण न निघालेली जागा तिथे आकार घेते. काम कोणते, कधीपासून, किती आठवडे, आठवड्याला किती तास आणि कुठून, हे सगळे त्यात आले आहे. संस्थापकाला एवढेच ठरवायचे उरते की हे हवे की नको. शेवटचा प्रश्नही मुद्दाम छोटा ठेवला आहे. "मला संधी द्याल का?" याचे उत्तर देण्यापूर्वी सहकाऱ्यांशी बोलावे लागते, पण "दहा मिनिटे बोलता येईल का?" याचे उत्तर चहा पिता पिता देता येते.

स्टायपेंडचा, म्हणजे प्रशिक्षणार्थीला मिळणाऱ्या मासिक मानधनाचा, उल्लेख पहिल्या ईमेलमध्ये केला नाही तरी चालतो. फोनवर मात्र तो विषय विद्यार्थ्याने स्वतःहून काढावा, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

## दोष दाखवला तर संस्थापक दुखावणार नाही का?

ही भीती रास्त आहे, आणि तिचे उत्तर नोंदीच्या स्वरूपात दडलेले आहे. "आपल्या ॲपमध्ये बऱ्याच त्रुटी आहेत" हा शेरा झाला. "अमुक फोनवर, अमुक रकान्यात, अमुक आकडा भरला असता असे झाले" ही नोंद झाली, कारण ती कोणालाही स्वतः करून पाहता येते. चौघांच्या कंपनीत सगळ्या फोनांवर सगळे तपासणारा स्वतंत्र माणूस नसतो, आणि खरेदी केंद्रावर शेतकऱ्यासमोर फजिती होण्यापेक्षा ती आधी कळलेली कोणालाही बरी वाटते.

इथे एक सीमा पाळली पाहिजे. दुसऱ्या शेतकऱ्यांची माहिती दिसेल अशी त्रुटी सापडली, तर तिचा तपशील गिटहबवर उघड ठेवू नये आणि आणखी खोलात जाऊन पाहण्याचा प्रयत्नही करू नये. ती फक्त कंपनीलाच कळवावी, आणि त्या ईमेलमध्ये इंटर्नशिपचे नावही काढू नये, अन्यथा तो सौदा केल्यासारखा दिसतो.

## हाच ईमेल पन्नास जणांना पाठवला तर?

गणिताच्या हिशेबाने हा विचार आकर्षक वाटतो, पण वर दिलेला ईमेल पन्नास कंपन्यांना पाठवताच येणार नाही, कारण तो एकाच ॲपविषयी आहे. पन्नास जणांना पाठवता यावा म्हणून त्यातून वडील, पावती आणि ओलावा काढून टाकावे लागतील, आणि मग उरेल तो नेहमीचा विनंती अर्ज. एकाच दिवशी एकसारखे बरेच ईमेल गेले तर ते स्पॅममध्ये पडण्याचाही धोका वाढतो. दोन-तीन कंपन्यांवर प्रत्येकी एक संध्याकाळ घालवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

## उत्तरच आले नाही तर काय समजावे?

बहुतेक कोल्ड ईमेलना उत्तर येत नाही, आणि हे गृहीत धरूनच लिहावे. पण मौनाची कारणे वेगवेगळी असतात, आणि त्यांतली काही आपल्याला तपासता येतात.

पहिली शक्यता अशी की ईमेल पोहोचलाच नाही. पत्ता अंदाजाने बांधला असेल तर काही वेळात `Mail Delivery Subsystem` कडून `Address not found` असा निरोप येतो आणि त्यात बहुधा `550 5.1.1` हा क्रमांक असतो. याचा अर्थ त्या नावाचे खातेच नाही. अशा वेळी आणखी चार अंदाज करत बसण्यापेक्षा संकेतस्थळावरच्या सर्वसाधारण पत्त्यावर लिहावे, किंवा इन्क्युबेटरच्या व्यवस्थापकाला तो पुढे पाठवण्याची विनंती करावी.

दुसरी शक्यता फार वेळा घडते आणि विद्यार्थ्याला तिचा पत्ताही लागत नाही. गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या फाइलची परवानगी मूळची `Restricted` असते. संस्थापक दुवा दाबतो आणि त्याच्यापुढे परवानगी मागण्याचे पान उभे राहते. तो परवानगी मागत नाही, पुढच्या ईमेलकडे जातो. म्हणून दुवा पाठवण्यापूर्वी परवानगी `Anyone with the link` अशी करावी आणि ब्राउझरच्या खासगी खिडकीत, कोणत्याही खात्यात लॉगिन न करता, तो उघडून पाहावा. गिटहबवर सार्वजनिक पान असेल तर ही अडचण येत नाही. शिवाय तिथे `Insights` मधल्या `Traffic` या भागात मागच्या चौदा दिवसांत पान किती वेळा पाहिले गेले ते मालकाला दिसते. आकडा शून्यावरच असेल, तर ईमेल वाचला गेला नाही किंवा दुवा उघडावासा वाटला नाही, असे समजावे. पान उघडले गेले असूनही उत्तर नसेल, तर संस्थापक बहुधा कामात आहे, आणि अशा वेळी आठवण करून देण्याला अर्थ असतो.

ती आठवण आठवडाभराने, त्याच ईमेलला उत्तर देऊन करावी, म्हणजे जुना मजकूर खाली दिसतो. तीत "माझा ईमेल पाहिलात का?" एवढेच विचारण्यापेक्षा एखादी नवी नोंद असावी. आपल्या उदाहरणात ती लिहू शकेल की वजनाच्या रकान्यातही तेच घडते, पण फोन क्रमांकाच्या रकान्यात घडत नाही. त्यानंतर पंधरवड्याने आणखी एकदा लिहावे आणि थांबावे. संस्थापकाच्या घरच्या फोनवर किंवा कुटुंबीयांच्या समाजमाध्यमांवर जाणे हा आगाऊपणा आहे, आणि त्याने आधी केलेले चांगले कामही मातीमोल होते.

वेळेचाही भाग असतो. खरीप खरेदीवर चालणाऱ्या कंपनीला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये श्वास घ्यायला सवड नसते. तिला जुलैमध्ये लिहिले तर हंगामापूर्वीच्या तयारीत माणूस लागतो. स्टार्टअपचा हंगाम कोणता, हे ओळखणे मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा सोपे जाते, आणि शेतीशी जोडलेल्या कंपन्यांच्या बाबतीत हा आपला मोठा आधार आहे.

## इंग्रजी कच्चे असेल, किंवा ओळख नसेल तर?

संस्थापक ज्या भाषेत ग्राहकांशी बोलतो, त्या भाषेत लिहावे. ॲप मराठी असेल आणि संस्थापक मराठी असेल, तर नीट मराठी ईमेल अवघडलेल्या इंग्रजीपेक्षा स्पष्ट असतो. संस्थापक मराठी वाचत नसेल तर छोट्या, सरळ इंग्रजी वाक्यांत नोंद लिहावी. छायाचित्रे बरेचसे काम करतात.

वशिल्याशिवाय काही होत नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार निराधार नाही. ओळखीच्या माणसाचा निरोप आधी वाचला जातो, हे खरे आहे. पण ओळखीने जे मिळते ते म्हणजे "हा मुलगा बरा आहे" एवढा भरवसा. केलेले काम पाठवले तर तो भरवसा दुसऱ्या वाटेने मिळतो. वाट लांब आहे आणि प्रत्येक वेळी पोहोचवत नाही, पण ती प्रत्येकाला खुली आहे.

## होकार आला तर काय तपासावे?

काही उत्तरांत एखादे चाचणीचे काम दिलेले असते. दोन-चार तासांत होणारे, आणि कंपनीच्या थेट उपयोगात न येणारे काम असेल तर ते जरूर करावे. आठवडाभर चालणारे आणि ग्राहकापर्यंत जाणारे काम "चाचणी" म्हणून फुकट मागितले, तर त्याचे मानधन काय असे विचारावे. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा प्रमाणपत्राचे पैसे मागितले, तर तिथेच नमस्कार करून थांबावे. ती इंटर्नशिप नसून प्रमाणपत्राची विक्री आहे, आणि असे व्यवहार श्रेयांकांच्या घाईत असलेल्या विद्यार्थ्यांनाच गाठतात.

फोनवर सगळे ठरले तरी त्याच दिवशी आपणच एक ईमेल पाठवावा: कामाचा विषय, सुरुवात आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, मानधन आणि ते कोणत्या तारखेला मिळणार, कामाकडे कोण पाहणार, आणि शेवटी प्रमाणपत्रावर तासांची संख्या लिहिली जाईल का. शेवटचा मुद्दा बारीक वाटतो, पण महाविद्यालय श्रेयांक देताना तास मोजते, आणि "यशस्वीरीत्या पूर्ण केले" एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र परत येते. सहा आठवडे, दर आठवड्याला पंधरा तास, म्हणजे नव्वद तास होतात. महाविद्यालयाला एकशेवीस हवे असतील, तर ते आठ आठवडे होतात, आणि हे संस्थापकाला पहिल्याच फोनवर सांगायला हवे.